डबे वाढतायत, तरी गिऱ्हाईक गळतंय

"दर महिन्याला गिऱ्हाईक वाढतंय म्हणजे कोणी सोडून जात नाही, आणि गेलंच तर महाग पडतं म्हणून जातं."

असं वाटणं साहजिक आहे, कारण एकूण आकड्यात गेलेले लोक नव्यांच्या मागे झाकले जातात. समजा महिन्याच्या डब्याचं काम आहे, १ तारखेला २०० गिऱ्हाईकं, महिन्यात ३० नवीन आली, शेवटी २१२ उरली. बारा वाढली ना! पण २३० मधून २१२, म्हणजे १८ गेली.

आता त्या १८ मधली १ तारखेच्या यादीतली किती ते नावं जुळवून बघा. १६ निघाली, तर १६ भागिले २००, म्हणजे चर्न, महिन्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाईकांतली गळती, ८ टक्के. उरलेली २ याच महिन्यात येऊन गेली, ती वेगळी मांडा, या हिशोबात मिसळली की आकडा बिघडतो.

आता महाग पडतं म्हणून जातात का? तसं असेल तर दर वाढवल्यानंतर गळती वाढलेली दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून प्रत्येक नावापुढे कधी आला, कधी गेला, शेवटचे पंधरा दिवस डबा किती वेळा नको म्हणाला हे लिहा. समजा १६ पैकी ५ जणांचं ऑटोपे फेल झालंय, तर ते ठरवून सोडून गेले असतीलच असं नाही, कदाचित त्यांना फक्त पेमेंटची आठवण हवी होती. आणि ७ जण दुसऱ्याच महिन्यात गेले असतील तर गडबड सुरुवातीच्या अनुभवात असू शकते, नुसते दर कमी करून ते थांबतीलच असं नाही. फोन केलात तर "का सोडलं" विचारू नका हं, लोक अनेकदा संकोचाने महाग म्हणून मोकळे होतात, "पहिल्यांदा डबा नको कधी वाटला" असं विचारा.