गारवा आहे, पण हवा दमट: कॉइल निवडताना काय चुकतं?

कोकणातल्या एखाद्या एसी मंगल कार्यालयात जुलैच्या रात्री पंगत बसते. भिंतीवरचा आकडा २४ अंश दाखवतो, तरी अंग चिकचिकतं आणि पानातला पापड वाढल्या वाढल्या सादळतो. अशा वेळी जास्त टनाचं मशीन बसवून दमटपणा जात नाही, कारण हवा किती थंड करायची आणि तिच्यातलं पाणी किती काढायचं हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि दोन्ही कामं एकच कॉइल करते, म्हणजे थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांचा संच.

जेवायला बसलेला माणूस, समोरच्या गरम जेवणासकट, सुमारे ८० वॅट उष्णता तापमान वाढवण्यात घालतो आणि तेवढीच बाष्पाच्या रूपात, म्हणजे सुप्त उष्णता म्हणून. १०० माणसांचा सुप्त भार ८ किलोवॅट झाला. दुपारी छत, भिंती, दिवे आणि माणसं मिळून तापमान वाढवणारा भार १९ किलोवॅट धरू. एकूण २७ पैकी १९, म्हणजे तापमानाच्या भाराचं एकूण भाराशी गुणोत्तर ०.७. हॉल २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर ठेवायचा आहे. बाहेरची ताजी हवा वेगळ्या युनिटमधून याच स्थितीला आणून आत सोडली जाते असं समजू.

आता सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि तिच्यातलं बाष्प दाखवणाऱ्या आलेखावर, हॉलच्या बिंदूपासून ०.७ च्या गुणोत्तराशी जुळणाऱ्या उताराची रेघ खाली ओढायची. ती १०० टक्के आर्द्रतेच्या वक्राला जिथे छेदते, तो अपॅरेटस ड्यू पॉइंट, म्हणजेच एडीपी. इथे तो १०.५ अंश येतो. कॉइलच्या ओल्या पृष्ठभागाचं हे सरासरी तापमान समजा. ७ अंशांच्या चिल्ड वॉटरवर ते सहज मिळतं.

पण सगळीच हवा त्या पृष्ठभागाला टेकत नाही. काही हवा नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांच्या, म्हणजे फिन्सच्या, मधून तशीच निसटते. निसटणारा हिस्सा म्हणजे बायपास फॅक्टर, टेकणारा हिस्सा म्हणजे कॉन्टॅक्ट फॅक्टर, आणि दोघांची बेरीज १. समजा नळ्यांच्या एका ओळीतून ०.६५ हवा निसटते. मग चार ओळींनंतर ०.६५ चा चौथा घात, म्हणजे ०.१८ उरते आणि सहा ओळींनंतर ०.०७५. २४ आणि १०.५ मधला फरक १३.५ अंश, म्हणून चार ओळींच्या कॉइलमधून हवा १०.५ + ०.१८ × १३.५, म्हणजे साधारण १२.९ अंशांना बाहेर पडते. १९ किलोवॅट उचलायला अशी हवा सेकंदाला १.७ किलो, म्हणजे मिनिटाला ३,००० घनफुटांच्या आसपास लागते. सहा ओळींना हवा कमी पुरते, पण पंख्याला जोर जास्त लावावा लागतो. माझ्या मते इथे चार ओळी पुरेत.

खरी अडचण रात्री येते. ऊन नाही, छत निवलेलं, बाहेर पाऊस. तापमानाचा भार १२ किलोवॅटवर उतरतो, पण माणसं तेवढीच असल्यामुळे सुप्त भार ८ चा ८ च राहतो. गुणोत्तर ०.६ होतं. ती रेघ ओढून पाहा: शून्य अंशांच्या वर ती वक्राला कुठेच छेदत नाही. म्हणजे नुसतं थंड करून २४ अंश आणि ५५ टक्के एकाच वेळी मिळवणारी कॉइल अस्तित्वातच नाही. सहाच्या जागी आठ ओळी घेतल्या तरी रेघेचा उतार तोच.

थर्मोस्टॅटला यातलं काही दिसत नाही. २४ अंश झाले की तो पाण्याचा व्हॉल्व्ह आवळतो. पंखा पूर्ण वेगात राहिला तर हवा १७ अंशांना बाहेर पडते, कॉइलचं एडीपी १५.५ पर्यंत चढतं आणि ८ किलोवॅटचं बाष्प काढण्याइतका फरक पडेपर्यंत हॉलची आर्द्रता वाढत राहते. हिशेबाने ती ७१ टक्क्यांवर स्थिरावते. ओळखायची खूण सोपी आहे: तापमान बरोबर, आर्द्रता ६५ च्या वर आणि ड्रेन पाइपमधून पडणारी धार दुपारपेक्षा बारीक नसणं. माणसांनी सोडलेलं बाष्प निघतंच आहे, फक्त जास्त दमट पातळीवरून.

पंख्याचा वेग तीन चतुर्थांश केला तर एडीपी १२.५ च्या आसपास येतं आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर. सुधारणा आहे, पण ५५ नाही. तिथे पोहोचण्याचे दोन मार्ग. एक रीहीट: १०.५ च्या एडीपीवर थंड केलेली हवा ६.७ किलोवॅटने पुन्हा तापवायची, म्हणजे गुणोत्तर परत ०.७ होतं. ती ऊब विजेच्या हीटरऐवजी कंडेन्सरमधून वाया जाणाऱ्या उष्णतेतून घ्यावी.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो. ताज्या हवेच्या युनिटची कॉइलच जास्त थंड निवडायची. सेकंदाला किलोभर ताजी हवा हॉलच्या सुमारे १० ग्रॅम बाष्पाऐवजी ९ ग्रॅमवर सोडली, तर माणसांच्या ८ पैकी जवळपास ३ किलोवॅट सुप्त भार तीच उचलते. मुख्य कॉइलवर १२ आणि ५ उरतात, गुणोत्तर पुन्हा ०.७. मात्र त्या युनिटला आर्द्रता पाहून ते चालवणारा ह्युमिडिस्टॅट लावलेला हवा आणि त्या हवेचं तापमान हॉलइतकं ठेवलेलं हवं. ती थंडच आत सोडली, तर मुख्य कॉइलवरचा १२ चा आकडा आणखी घटतो आणि गुणोत्तर परत खाली येतं.