काऊच्या घासातल्या संवादफेऱ्या

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातील मंगळवार पेठेत एका नातेवाइकांच्या घरी दुपारच्या जेवणाला बसलो होतो. त्या घरातला २२ महिन्यांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. समोर तांब्याला टेकवून उभा केलेल्या मोबाईलवर एका रंगीत बसगाडीचे गाणे चालू होते. आजी वरणभाताचा घास पुढे नेत, मुलगा काचेवरची नजर न हलवता तोंड उघडी आणि घास आत जाई. ३५ मिनिटांत वाटी रिकामी झाली, पण तेवढ्या वेळात आजी-नातवात एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नाही. “मोबाईल लावल्याबिगर घास खाईना बघा,” असे आजी म्हणाल्या, आणि ताट उचलता उचलता त्यांनी पुस्ती जोडली, “अजून ‘आई’ आणि ‘पापा’ एवढंच बोलतोय.”

आजींनी ही दोन वाक्ये एकापाठोपाठ उच्चारली, पण त्यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हा प्रश्न सरळ नाही. तो समजून घेण्यासाठी मोबाईल येण्याआधी याच जेवणात काय घडत असे, ते आधी पाहावे लागेल.

“हा घास काऊचा” म्हणून आजी हात मध्येच थांबवते आणि खिडकीकडे बोट दाखवते. मूल त्या बोटाच्या रोखाने बाहेर पाहते, आणि दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर जुळते. मूल “का” असे काहीतरी म्हणते. आजी लगेच उत्तरते, “हो, काऊ! काळा काऊ. उडाला का?” मुलाने दिलेला अर्धामुर्धा आवाज त्याला पूर्ण शब्द होऊन, वर एक विशेषण आणि एक क्रियापद घेऊन परत मिळतो, आणि तोही त्याचे लक्ष त्या कावळ्यावर असतानाच. मुलाने काही उच्चारावे, मोठ्याने काही क्षणांत प्रतिसाद द्यावा किंवा याच्या उलट घडावे, या देवाणघेवाणीला संशोधक एक संवादफेरी मानतात. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले याला महत्त्व आहेच, परंतु भाषेच्या वाढीशी या फेऱ्यांचे नाते अधिक घट्ट दिसते.

मोबाईलमुळे या फेऱ्यांचे काय होते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २२० कुटुंबे होती. मूल १२ महिन्यांचे असल्यापासून ३६ महिन्यांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक दिवस, त्याच्या अंगातील खास कपड्याच्या खिशात एक छोटे ध्वनिमुद्रक यंत्र ठेवले जाई. मोठ्यांचे शब्द, मुलाचे उच्चार, संवादफेऱ्या आणि टीव्ही-मोबाईलसारख्या उपकरणांचा आवाज हे संगणकाच्या मदतीने वेगळे काढले गेले. आई-वडिलांना “रोज किती वेळ मोबाईल देता?” असे विचारले की उत्तर बहुधा संकोचाने कमी येते, इथे तो अडसर टळला. तीन वर्षांच्या वयात पडद्याच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे सरासरी ६.६ शब्द, मुलाचे ४.९ उच्चार आणि १.१ संवादफेऱ्या कमी आढळल्या.

हाच हिशेब मंगळवार पेठेतल्या त्या जेवणाला लावला, तर ३५ मिनिटांत मोठ्यांचे सुमारे २३० शब्द आणि ३८ संवादफेऱ्या गळतात. अर्थात ही सरासरी ऑस्ट्रेलियातली आहे, तीन वर्षांच्या मुलांची आहे आणि दिवसभराच्या सगळ्या वेळांवरून काढलेली आहे. जेवण भरवण्याची वेळ एरवीच बोलण्याने भरलेली असते, त्यामुळे तिथे गळती याहून जास्त होत असावी असा माझा कयास आहे. तो मोजलेला नाही. त्या यंत्राचीही एक मर्यादा होती. आई शेजारी बसून आवाज न करता स्वतःच्या मोबाईलमध्ये गुंतली असेल, तर तो वेळ यंत्राला कळत नव्हता.

मग दोष काचेचाच आहे का? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ ते ३० महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवण्यात आली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवरून, आणि काहींना आधीच चित्रित केलेल्या दृश्यातून. पहिल्या दोन गटांतील मुले शब्द शिकली, तिसऱ्या गटातील शिकली नाहीत. व्हिडिओ कॉल आणि चित्रफीत या दोहोंत काच तीच होती. फरक इतकाच, की कॉलवरची बाई मुलाच्या बोलण्याला आणि नजरेला त्याच क्षणी प्रतिसाद देत होती आणि चित्रफितीतली बाई उत्तराची वाट पाहिल्यासारखे करून पुढे बोलत राहत होती. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको असे सांगताना नातेवाइकांशी होणारा व्हिडिओ कॉल तेवढा वगळला आहे. पुण्यातल्या मावशीशी बोलणे आणि बसगाडीचे गाणे यांना एकाच मापाने मोजू नये.

आता अवघड भाग. पडदा आणि उशिरा येणारे बोलणे एकत्र आढळतात, म्हणजे पहिल्यामुळे दुसरे होते असे सिद्ध होत नाही. जपानमधील ७,०९७ माता-बालकांच्या अभ्यासात, वयाच्या पहिल्या वर्षी रोज चार तास किंवा जास्त पडदा पाहणाऱ्या मुलांत दुसऱ्या वर्षी संवादात मागे असण्याचे गुणोत्तर तासाभराहून कमी पाहणाऱ्यांच्या सुमारे ४.८ पट होते, आणि चौथ्या वर्षी ते २.७ पटींवर आले. आकडा मोठा आहे. पण जास्त पडदा पाहणाऱ्या मुलांच्या आया तुलनेने तरुण, कमी उत्पन्नाच्या आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याने अधिक ग्रासलेल्या होत्या. संशोधक अशा गोष्टींची गणिती वजावट करतात, ती पूर्ण होतेच असे नाही. शिवाय बाण उलटाही फिरू शकतो. जे मूल बोलत नाही, चिडते, आपल्याला काय हवे ते सांगू शकत नाही, त्याच्या हाती शांततेसाठी मोबाईल लवकर येतो.

हा उलटा बाण घरातही फसवतो. मूल बोलत नाही म्हटल्यावर सगळे खापर मोबाईलवर फुटते, तो कपाटात जातो आणि सहा महिने वाट पाहण्यात जातात. दरम्यान मुलाला नीट ऐकू येत नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दाराचा आवाज ऐकून मूल वळते, म्हणून कान चांगले आहेत असे समजू नये. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेल्या मुलाला मोठे आवाज येतात, बोलण्यातले बारीक ध्वनी निसटतात. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत “पाणी दे” अशी स्वतःहून केलेली दोन शब्दांची जोडी नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले असतील, तर मोबाईल किती पाहिला हा प्रश्न बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि बेरासारखी श्रवणचाचणी करून घ्यावी.

त्या घरी हेच आधी केले. ऐकणे ठीक निघाले. त्यानंतर दुपारच्या जेवणापुरता मोबाईल बंद झाला. पहिले तीन दिवस मुलगा रडला, अर्धी वाटी तशीच राहिली, आणि आजींचा जीव वरखाली झाला. चौथ्या दिवसापासून त्यांनी ताट उचलून गॅलरीत नेले, कारण तिथून गल्लीतली म्हैस दिसते. महिन्याभराने मी पुन्हा गेलो, तेव्हा आजी “हा घास…” म्हणून मुद्दाम थांबल्या आणि मुलगा म्हणाला, “म्हशी.”

या वयात बरीच मुले आपसूकच वेग घेतात. मोबाईल चालू राहिला असता तरी तो शब्द त्याच महिन्यात आला असता, असे कोणी म्हटले तर मला ते खोडून काढता येणार नाही. आजींना मात्र त्यात रस नव्हता. “म्हशी न्हवं, म्हस,” असे त्याला सांगून त्या पुढच्या घासाकडे वळल्या होत्या.