"कसं काय?" आणि "चाललंय": कचेरीतल्या चार शब्दांची पार्श्वभूमी

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला समुद्रात ट्रोब्रियांड नावाची बेटं आहेत. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ ते १९१८ च्या दरम्यान, ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा पोलंडचा मानववंशशास्त्रज्ञ दोन खेपांना तिथे जाऊन राहिला. गावातच तंबू ठोकून, लोकांची भाषा शिकून. त्या बेटांवर वाटेत कुणी भेटलं की विचारायचे, "कुठून आलास?" सुरुवातीला हा प्रश्न माहितीसाठी असावा असं वाटतं. पण मालिनोव्स्कीच्या लक्षात आलं की विचारणाऱ्याला उत्तराशी फारसं देणंघेणं नसतं. दोन माणसं समोरासमोर आली आणि दोघंही गप्प राहिली, तर जो एक अवघडलेपणा येतो तो मोडायला हे शब्द असतात.

१९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या ग्रंथाला जोडलेल्या लेखात त्याने या बोलण्याला नाव दिलं, 'फॅटिक कम्युनियन'. नुसत्या शब्दांच्या देवघेवीतून जुळणारं सख्य, असा त्याचा अर्थ. आज कचेरीतल्या हवापाण्याच्या गप्पांवर जे मानसशास्त्रीय संशोधन होतं, त्याची मुळं या लेखात आहेत. मालिनोव्स्कीचं निरीक्षण सरळ होतं. गप्प बसलेला अनोळखी माणूस आपल्याला निरुपद्रवी वाटत नाही, त्याच्या मनात काय आहे याची धास्ती वाटते. तो दोन शब्द बोलला की धास्ती उतरते. इंग्लंडमधलं "आज हवा छान आहे" आणि बेटावरचं "कुठून आलास?" ही दोन्ही वाक्यं एकच काम करतात, हे त्याने त्याच लेखात लिहिलं आहे. आपल्याकडचं "जेवण झालं का?" हेही त्याच घरातलं. विचारणारा काही ताट वाढायला निघालेला नसतो.

एका बाबतीत मात्र मालिनोव्स्की चुकला असं मला वाटतं. या शब्दांना अर्थ जवळजवळ नसतोच, असं त्याने मांडलं. पुढच्या पन्नास वर्षांत अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्यांत अर्थ असतो. फक्त तो हवेबद्दल किंवा जेवणाबद्दल नसतो, दोघांमधल्या नात्याबद्दल असतो.

हे सगळ्यात नेमकं सांगितलं अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने. माणसं चारचौघांत एकमेकांची अब्रू कशी सांभाळतात यावर त्याने १९५५ साली एक निबंध लिहिला. त्यात अभिवादनाबद्दल थोडक्यात एक विचार येतो: मागच्या वेळी आपण निरोप घेतला तेव्हा आपलं नातं जिथे होतं तिथेच ते अजून आहे, हे अभिवादनातून कळतं. आणि त्या नात्यात निदान इतकं तरी वैर नाही की सावध राहावं लागेल.

कचेरीच्या संदर्भात हा विचार फार उपयोगी पडतो. काल संध्याकाळी बैठकीत आपण एखाद्याचं म्हणणं खोडून काढलेलं असतं. रात्र मध्ये जाते. तो रागावला आहे का, हे कळायला सरळ मार्ग नसतो, "काल राग आला का?" असं कुणी विचारत नाही. सकाळी तो नेहमीच्या सुरात "काय, आज लवकर?" म्हणाला की प्रश्न मिटतो. आणि नेहमी बोलणारा माणूस त्या दिवशी खाली मान घालून पुढे गेला, तर तेही कळतं. रोजचा एक ठरलेला सूर असतो म्हणूनच बदललेला सूर ऐकू येतो. जिथे रोजचं बोलणंच नाही, तिथे गप्प राहण्याचा अर्थ लावता येत नाही, आणि मग माणसं बहुतेक वेळा वाईटच अर्थ लावतात.

गॉफमनने पुढे १९७१ मध्ये आणखी एक गोष्ट टिपली, जी प्रत्येक नोकरदाराने अनुभवलेली असते. दिवसातल्या पहिल्या भेटीत पूर्ण अभिवादन होतं. तासाभराने तोच माणूस जिन्यात भेटला तर नुसतं हसू पुरतं. तिसऱ्यांदा भिवई उंचावली तरी चालतं. याउलट बऱ्याच दिवसांनी भेट झाली तर अभिवादन वाढतं. गणपतीला गावी गेलेला सहकारी आठ दिवसांनी परतला, तर "आलात का? कशी झाली गाडीची गर्दी? मोदक आणलेत ना?" एवढं तरी बोलावंच लागतं. जेवढा खंड पडला तेवढी डागडुजी करायची, असा हा हिशेब आहे.

आता "कसं काय?" या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळी गंमत त्याच्या उत्तरात आहे. हार्वी सॅक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७५ मध्ये छापलेला एक निबंध याच प्रश्नावर आहे. त्याचा मुद्दा असा. "बरं आहे" म्हटलं तर संभाषण पुढे सरकतं किंवा संपतं. "बरं नाही" म्हटलं तर समोरच्याला "का, काय झालं?" विचारावंच लागतं. पण आपल्या घरातली अडचण ऐकायचा अधिकार प्रत्येकाला नसतो. जवळच्या मित्राला असतो, पलीकडच्या विभागातल्या माणसाला नसतो. म्हणून त्याला "बरं आहे" सांगायचं, मग खरी स्थिती काहीही असो. सॅक्सच्या मते इथे खोटं बोलणं हा माणसाचा दोष नाही, प्रश्नाच्या घडणीतूनच ते येतं. मराठीने यावर "चाललंय" हा फार चांगला शब्द काढला आहे, असं मला मनापासून वाटतं. तो खोटा नाही आणि दार उघडून पूर्ण घरही दाखवत नाही. शिवाय सूर थोडा खाली आणला की जवळच्या माणसाला तेवढ्यावरून कळतं.

त्याच वर्षी जॉन लेव्हर या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने या छोट्या वाक्यांचे तीन गट पाडले. काही वाक्यं दोघांनाही सामायिक असलेल्या गोष्टीवर असतात, जसं "काय पाऊस लागलाय!" काही बोलणाऱ्याच्या स्वतःबद्दल असतात, "आज जिना चढून दम लागला." आणि काही समोरच्याबद्दल, "मुलीची परीक्षा कशी गेली?" लेव्हरचं निरीक्षण असं की यांतलं कोणतं वाक्य कुणी वापरायचं हे हुद्द्यावर ठरतं. वरिष्ठ माणूस हाताखालच्याला त्याच्या घरचं विचारू शकतो, पण उलट दिशेने तसा प्रश्न सहसा जात नाही. कनिष्ठ माणूस स्वतःबद्दल बोलतो. पावसाबद्दल मात्र कुणीही कुणाशी बोलू शकतो. साहेब आणि शिपाई लिफ्टमध्ये एकत्र आले की पाऊसच का निघतो, याचं कारण यात आहे.

अशा छोट्या बोलण्यातून विश्वास प्रत्यक्षात कसा घडतो, हे मी एका कार्यालयाच्या लेखा शाखेत पाहिलं. बिलं तपासणारे एक गृहस्थ होते आणि आवक-जावक सांभाळणाऱ्या एक बाई. दोघांची मैत्री म्हणावी अशी नव्हती. डबाही वेगवेगळ्या टेबलांवर खायचे. पण रोज सकाळी गृहस्थ त्यांच्या टेबलावरून जाताना म्हणायचे, "ताई, आज गाडी वेळेवर?" आणि बाई म्हणायच्या, "आज बसायला मिळालं," किंवा "आज दारातच." बस्स. सगळं मिळून पंधरा सेकंद. वर्षात २२० दिवस काम धरलं तर तासापेक्षाही कमी वेळ होतो.

मार्चअखेरीला बाईंकडून एकाच ठेकेदाराचं बिल दोनदा नोंदलं गेलं. गृहस्थांच्या ते लक्षात आलं. रीत अशी की फाइलवर शेरा मारून ती परत पाठवायची. मग ती वरिष्ठांच्या टेबलावरून जाते आणि खुलासा मागितला जातो. त्यांनी तसं केलं नाही. उठून त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "ताई, हे जरा बघता का, दोनदा झालंय वाटतं." बाईंनी लगेच नोंद दुरुस्त केली. पुढच्याच आठवड्यात बाई आपणहून त्यांना सांगायला आल्या की अमुक बिलाची तारीख आपल्याला संशयास्पद वाटते. याच शाखेत अशीही एक जोडी होती ज्यांच्यात सकाळचं बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं. त्यांच्यातल्या चुका मात्र नेहमी शेऱ्यांच्या रूपानेच फिरायच्या. चूक सांगायला किंवा कबूल करायला पहिलं वाक्य बोलावं लागतं. ते रोज बोललं जात असेल तर त्याच वाटेने अवघड वाक्यही जातं.

प्रयोगांतून याला कितपत आधार मिळतो? थोडा, पण चांगला. एरिक वेसलमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेने जाणाऱ्या काही लोकांच्या डोळ्यांत पाहून एक जण पुढे जायचा, आणि काहींच्या बाबतीत तो जणू तिथे कुणी नाहीच असं आरपार पाहायचा. लगेच मागून येणारी दुसरी व्यक्ती त्यांना विचारायची की गेल्या मिनिटात तुम्हाला इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटलं. आरपार पाहिलं गेलेल्यांना जास्त तुटल्यासारखं वाटलं होतं. ही सगळी अनोळखी माणसं आणि क्षणभराची नजर. रोजच्या ओळखीच्या माणसाने असं केलं तर ते किती लागेल याचा अंदाज यावरून येतो.

कचेरीतल्या गप्पांचाच थेट अभ्यास जेसिका मेथॉट आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १५१ नोकरदारांना पंधरा दिवस रोज तीन वेळा प्रश्न विचारले गेले. ज्या दिवशी अशा गप्पा जास्त झाल्या त्या दिवशी माणसं संध्याकाळी अधिक प्रसन्न होती. पण त्याच गप्पांनी कामातलं लक्षही मोडलं होतं. दोन्ही परिणाम एकाच गोष्टीचे आहेत, म्हणून लांबी महत्त्वाची ठरते. हिशेब जुळवत बसलेल्या माणसाच्या टेबलाशी दहा मिनिटं उभं राहणं आणि जाताजाता दोन शब्द बोलणं यांत फरक आहे.

ही लांबी माणसं कशी मापतात, ते न्यूझीलंडमध्ये दिसलं. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट होम्स यांनी १९९६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या भाषेवर प्रकल्प सुरू केला. सरकारी खाती, कारखाने अशा ठिकाणचे लोक स्वतःच रेकॉर्डर जवळ ठेवून आपलं बोलणं ध्वनिमुद्रित करायचे. त्यातून दिसलं की दिवसाच्या पहिल्या भेटीत दोन शब्द बोलणं जवळजवळ सक्तीचंच असतं, आणि ते कधी थांबवायचं हे बहुधा वरिष्ठ ठरवतो.

त्याच प्रकल्पात बौद्धिक अपंगत्व असलेल्या कामगारांच्या बोलण्याचाही अभ्यास झाला. ही माणसं आपलं काम नीट करत होती, पण सहकाऱ्यांमध्ये सामावून जाणं त्यांना जड जात होतं, आणि अडचण बऱ्याचदा या छोट्या वाक्यांतच होती. "कसं काय?" विचारल्यावर काही जण एका शब्दात उत्तर देऊन थांबत, उलटा प्रश्न विचारत नसत. काही जण घरचं सगळं सविस्तर सांगू लागत आणि विचारणारा पाय काढता घेई. बाकीच्यांनी हे माप कुणाकडून शिकलेलं नसतं, ऐकून ऐकून अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे ते चुकलं की का चुकलं हे कुणी सांगतही नाही. विद्यापीठाने पुढे परदेशातून आलेल्या शिकलेल्या लोकांसाठी अभ्यासक्रम चालवला. तिथे काम नाकारायचं कसं आणि मागायचं कसं, यांच्या जोडीला सकाळच्या या चार शब्दांचाही सराव करून घेतला जायचा.