पीठ फुगलंय की आंबलंय?

इडली-डोशाच्या पिठाबद्दल "पीठ आलं का?" असं आपण एकाच दमात विचारतो, पण पातेल्यात दोन कामं चालू असतात. पीठ फुगतं ते जंतूंनी सोडलेल्या वायूमुळे आणि उडदाच्या चिकटपणाने तो धरून ठेवल्यामुळे. आंबतं ते त्याच जंतूंनी आणि त्यांच्यामागून येणाऱ्या सोबत्यांनी केलेल्या आम्लामुळे. फुगणं एका टोकाला पोचून ओसरतं, आंबटपणा मात्र वाढतच जातो. इडलीला ते टोक गाठावं लागतं. डोशाला थोडं पुढे गेलेलं पीठही चालतं.

पुण्यातल्या माझ्या छोट्या हॉटेलात मे महिन्यात सकाळी सहाचा पहिला घाणा चपटा आणि आंबट निघाला. मला वाटलं, पीठ अजून आलं नाही, म्हणून उरलेलं आणखी दोन तास ठेवलं. आणखी बिघडलं. नंतर पातेल्याकडे नीट पाहिलं, तर पिठाच्या वर तीन बोटं सुकलेली कड होती. म्हणजे पीठ रात्री तिथवर चढून खाली बसलं होतं. कड नसेल, वास कच्च्या डाळीचा असेल आणि पळी घातल्यावर जाळी दिसत नसेल, तरच पीठ यायचं आहे असं समजावं.

चूक संध्याकाळीच झाली होती. तीन किलो इडली तांदळाला एक किलो उडीद, हे प्रमाण ठीक होतं. पण ग्राइंडरमध्ये उडीद अर्धा तास फिरून हाताला कोमट लागला होता आणि दळण आठ वाजताच संपलं होतं. आता उन्हाळ्यात बर्फाचं पाणी थोडं थोडं घालत उडीद वाटते. वाटीभर पाण्यात टाकलेला थेंब तरंगला की थांबते. तांदूळ इडलीसाठी रवाळच ठेवते. मीठ, सुमारे 80 ग्रॅम, लगेच घालते, कारण ते जंतूंचा वेग कमी करतं. दळण रात्री साडेदहाला संपवते आणि सकाळी फुगून आलेलं पीठ न ढवळता फ्रीजमध्ये टाकते.

डिसेंबरात सगळं उलटं. कोमट पाणी, लवकर दळण, मीठ पीठ फुगल्यावर, पातेलं गरम भट्टीशेजारी. पाणी मात्र दोन्ही ऋतूंत हात राखूनच. इडलीचं पीठ पळीवरून जाडसर पडलं पाहिजे, पातळ पीठ वायू धरत नाही.

बसलेलं, आंबट पीठ सोडा घालून पुन्हा इडलीचं करू नये. जाळी मोडलेली असते, वर साबणासारखी चव येते. त्याच पिठात थोडी तांदळाची पिठी आणि पाणी घालून डोसे टाकावेत. डोशाला इडलीसारखं फुगायचं नसतं, म्हणून जाळी मोडली तरी चालते, आणि तो आंबटपणा डोशाला शोभतो.