ठोकातली मिरची पाकिटात येते तेव्हा

नागपुरात सुक्या मिरचीचा सौदा कळमन्याला होतो आणि तिथून गोण्या इतवारीच्या पेढ्यांवर येतात. वडिलांच्या पिढीची कमाई दोन गोष्टींवर होती: हातात मिरची मोडून माल ओळखणं आणि किराणा दुकानदाराला उधारी देणं. गिऱ्हाईक दुकानदारच असल्यामुळे एखाद्या गोणीत रंग थोडा फिका निघाला तर भाव कमी व्हायचा, विषय संपायचा.

२०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी दळलेले मसाले सुटे विकायला मनाई केली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, २०१७ मध्ये जीएसटी. पेढीवर बसू लागलेल्या मुलाला आपल्या नावाचं पाकीट थेट घरोघरी पाठवणं शक्य वाटू लागलं, त्यामागे हे सगळं आहे.

पहिली अडचण पाण्याची येते. वाळलेली मिरची हाताळताना तुटू नये म्हणून तिच्यावर पाणी मारायची बाजारात जुनी सवय आहे. वजनही वाढतं. ठोकात त्याची वजावट भावात होते. पाकिटात मात्र तेच पाणी पावडरीचे गोळे करतं, पुढे बुरशी धरते. तिखटात ओलावा ११ टक्क्यांच्या आत असावा लागतो. म्हणून मिरची पुन्हा वाळवायची, देठ काढायचे, मगच दळायचं. शंभर किलोमागे अठ्ठ्याऐंशी किलो तिखट हाती आलं असं धरू.

आता हिशेब बघा. मिरची २०० रुपये किलो धरली, तर तिखट सव्वादोनशेच्या वर जातं. मजुरी, दळण, पाकीट आणि लेबल धरून २९०. म्हणजे २०० ग्रॅमचं पाकीट ५८ रुपयांना पडतं. विक्री १२० ला. एकच पाकीट मागवलं आणि कुरियरला ६० लागले, तर जीएसटी भरताना खिशातले पैसे जातात. तीन पाकिटांचे ३६० येतात. त्यातून माल १७४, कुरियर ९०, कर १७ वजा जाता ७९ उरतात. जाहिरात यातूनच. एक ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चं पार्सल परत आलं की येण्याजाण्याचे १८० जातात, म्हणजे दोनहून जास्त ऑर्डरींचा नफा बुडाला. माझ्या मते या धंद्याचं खरं गणित दुसऱ्यांदा मागवणाऱ्या गिऱ्हाईकावर आहे.

आणि ते गिऱ्हाईक मागच्याच रंगाचं, मागच्याच तिखटपणाचं पाकीट मागतं. इथे वडिलांची नजर कामी येते. हंगामात वेगवेगळ्या आवकेतला माल बघून एका चवीचं मिश्रण त्यांनाच जमतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव लेबलवर घालायचं तर माल खरोखर भिवापूर भागातलाच हवा आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही हवी. इतर मिरची मिसळली की ते नाव काढावं लागतं.

निवडीत बाजूला पडलेली फिकी, तुटकी मिरची पाकिटात जात नाही. ती ठोकातच खपवायची असते, म्हणून जुनी पेढी आणि जुने दुकानदार सोडून चालत नाही.