डायफ्राम हवा ढकलत नाही

"लांब सूर लावायचा तर डायफ्रामने हवा बाहेर ढकला," असा सल्ला गाणाऱ्यांना दिला जातो.

खरं तर डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे, तो आकुंचन पावला की खाली सरकतो आणि हवा आत येते, बाहेर ढकलणं त्याला जमतच नाही. पूर्ण श्वास भरल्यावर ताणलेली फुफ्फुसं, बरगड्या आपोआपच मिटायला बघतात, म्हणून सुरुवातीला श्वास घेणारेच स्नायू ब्रेक लावतात. हवा कमी झाली की पोटाचे आणि बरगड्यांमधले आतले स्नायू हळूहळू जोर वाढवतात, म्हणून सूर एकसारखा राहतो.

बघायचंय? पोटावर हात ठेवून एका श्वासात हलका 'सा' धरा, सुरुवातीला पोट बऱ्यापैकी सैल लागेल, शेवटी घट्ट होत जाईल. बासरीवरही हेच, फक्त पहिल्यापासून पोट आवळलं तर स्वर चढा, फाटका येतो.