गळ्यात ट्यूब बसली म्हणजे आवाज गेलाच का?

“गळ्याला भोक पाडलं की माणूस कायमचा मुका होतो ना?”

नाही हो, याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात, श्वासासाठी श्वासनळीला भोक पाडून त्यात ट्यूब बसवतात. स्वरयंत्र जागेवरच असतं (कॅन्सरमुळे काढलं असेल तर गोष्ट वेगळी), ट्यूब त्याच्या खाली बसते आणि तिच्याभोवतीचा कफ नावाचा फुगा फुगवलेला असला की हवा वर जातच नाही, म्हणून आवाज नाही. पेशंट सावरला की डॉक्टर हा फुगा रिकामा करून स्पीकिंग व्हॉल्व्ह, म्हणजे हवा फक्त आत सोडणारी झडप, लावतात, बरेच जण बोलतात. फुगा फुगलेला असताना व्हॉल्व्ह लावला तर मात्र श्वास बाहेरच पडणार नाही, जिवावर बेतेल.

नाक-घसा टळल्याने वाटेत वाया जाणारी हवा कमी होते, दम कमी लागतो. खरी डोकेदुखी कोरड्या हवेची, नाकासारखं तिला ओलं-गरम करणारं कोणी नाही, मग छातीतला बेडका घट्ट होऊन ट्यूबमध्येच अडकतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा लगेच ट्यूबच्या आतली नळी काढून बघायची, सक्शन करून बेडका ओढून काढायचा.